पैठणी घेताना पदर उलटून पाहा

महोदय,

‘हातमागाची पैठणी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच साड्या प्रत्यक्षात यंत्रमागावरच्या असतात. ओळखायचे असेल तर पदर उलटावा. अस्सल पैठणीत विणकर प्रत्येक रंगाचा धागा छोट्या कांडीने त्या नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतो, त्यामुळे मोराचा निळा जिथे संपतो तिथेच जरीचा धागा सुरू होतो आणि मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच सुबक दिसते. यंत्रमागावर मात्र धागा साडीच्या रुंदीभर जातो. नक्षी नसलेल्या ठिकाणी तो मागे मोकळा लोंबतो किंवा कापलेला असतो, आणि हे झाकायला कधीकधी जाळीचे अस्तर लावतात. (अस्तर दिसले की मी तरी पुढची चौकशी करत नाही.)

काठांवरील टाचण्यांच्या छिद्रांवर विसंबू नये, कारण तशी छिद्रे यंत्रमागावरही पडतात. दुकानदार ‘सिल्क मार्क’ पुढे करतात, परंतु ते चिन्ह केवळ रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, माग कोणता याविषयी नाही. त्यासाठी २००६ पासूनचे ‘हँडलूम मार्क’ पाहावे आणि बिलावर ‘हातमाग’ असे स्पष्ट लिहून मागावे.

– एक ग्राहक