एकच मजकूर सगळीकडे? आमचा ‘उद्या’ तीन दिवसांनी उगवला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘एकदा लिहा आणि सगळीकडे तेच टाका, वेळ वाचतो’ असा सल्ला आपल्या अंकात नुकताच वाचला. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा फोन गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. फोन म्हणजे गटाचा व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक पान, इन्स्टाग्राम, यूट्यूब, सगळंच. आपला अंक येण्याआधीच मी दीड वर्ष इमानेइतबारे हेच केलं होतं. त्याचं काय झालं ते लिहितो.

मागच्या मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी आम्ही गोदामात ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर पंचवीस ओळींचा संदेश लिहिला: ‘*महत्त्वाची सूचना* उद्या सकाळी ९ वाजता मूठभर बियाणं घेऊन गोदामात या.’ खाली चाचणीची सगळी कृती आणि व्हिडिओची लिंक. तोच मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला, तोच इन्स्टाग्रामवर.

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की अक्षर ठळक होतं. फेसबुकवर मात्र त्या चांदण्या तशाच्या तशा उघड्या पडल्या. इन्स्टाग्रामवर मजकुरातल्या लिंकवर कितीही बोट दाबलं तरी काही उघडत नाही, त्यामुळे ती लिंक नुसती शोभेची. हे सगळं किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन दिवसांनी शेजारच्या गावचे दोघं जण स्कूटीवर पिशवी अडकवून सकाळी नऊच्या ठोक्याला गोदामासमोर हजर. त्यांना आमची पोस्ट फेसबुकवर आदल्या रात्री दिसली होती. फेसबुक पोस्टी तारखेच्या क्रमाने दाखवत नाही, जुनी पोस्ट मध्येच वर येते. त्यांचा ‘उद्या’ खरा होता, आमचा शिळा. चहा पाजला, माफी मागितली.

चूक एका शब्दाची होती, पण तो शब्द कुठे चालतो नि कुठे नाही हे तेव्हा कळलं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, तिथं ‘उद्या’ चालतो. गटात तो धोक्याचा, कारण लोक संदेश पुढे ढकलतात आणि ढकललेल्या संदेशावर मूळ तारीख दिसत नाही, ढकलल्याची वेळ दिसते. फेसबुकवर तर वार, तारीख, वेळ, गाव आणि तालुका हे सगळं पोस्टमध्येच लिहावं लागतं. आमच्या गटात ‘गोदाम’ म्हटलं की कुठलं ते सगळ्यांना ठाऊक. फेसबुकवरच्या माणसाला कसं कळणार?

पंचवीस ओळी तर व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा कोणी वाचल्या नव्हत्या. लांब संदेश मध्येच तुटतो, खाली ‘आणखी वाचा’ येतं आणि तिथंच माणूस थांबतो. गटातले एक काका म्हणाले, “दादा, एवढं कोण वाचायलाय? बोलून टाका की.” तेव्हापासून गटात पन्नास सेकंदांची बोललेली सूचना आणि एक फोटो. बोलायचं घरच्यासारखं: शंभर दाणे मोजा, भिजवलेल्या पोत्यावर दहा-दहाच्या रांगेत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सातव्या दिवशी उलगडून मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं. साठ निघाले तर साधारण पस्तीस. त्याच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका.

व्हिडिओचं दुखणं वेगळं. आमचा चार मिनिटांचा आडवा व्हिडिओ यूट्यूबवर बरा चालला. तोच इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये टाकला तर उभ्या पडद्यावर वर काळं, खाली काळं आणि मधल्या पट्टीत पोतं. मोड आलेला दाणा दिसायला हवा, तोच दिसेना. शिवाय पहिली वीस सेकंदं माझा नमस्कार आणि गटाची ओळख. यूट्यूबवर माणूस शोधत आलेला असतो, तो वीस सेकंद थांबतो. रील बघणारा काही शोधत नसतो, त्याचा अंगठा तोवर पुढे सरकलेला असतो. मग फोन उभा धरून पुन्हा शूटिंग केलं. सुरुवातच गुंडाळी उलगडण्यापासून, नमस्कार काढून टाकला. यूट्यूबवर उलट मथळ्यावर वेळ घालवला. ‘गटाचा स्तुत्य उपक्रम’ असं नाव होतं, ते कोण शोधणार? ते बदलून ‘घरचं सोयाबीन बियाणं: उगवण चाचणी कशी करायची’ केलं. कीबोर्ड इंग्रजी असलेली पोरं soyabin ugvan असं टाइप करतात, म्हणून वर्णनात तेही घातलं.

सर्वांत जास्त शिकवलं ते एसएमएसने. गटात चाळीसेक जणांकडे अजून बटणांचा फोन आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘पोत्यात’ हा आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, फोनच्या हिशेबात सात. मी लिहिलं: ‘सोयाबीन १०० दाणे ओल्या पोत्यात ठेवा. ७ दिवसांनी मोजा. ७० उगवले तर पेरा.’ मोजलं तर ७१. म्हणजे एका अक्षरापायी दोन संदेशांचा भुर्दंड. शेवटचा पूर्णविराम काढला तेव्हा बसलं. पंचवीस ओळींतलं कामाचं नेमकं किती होतं, हे त्या सत्तर खणांनी दाखवलं.

आता कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाकडे आहे? खरंच आहे. माझी एक संध्याकाळ जाते. म्हणून एक्सवरचं खातं मी बंद केलं, तिथं आमचा एकही शेतकरी नव्हता. आणि सगळंच बदलायचं असंही नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, ही एक ओळ कुठेही टाका, तिचं काही बिघडत नाही. हंगामाचं वर्ष तेवढं सोबत हवं. गडबड होते ती ‘या, करा, बघा’ सांगणाऱ्या मजकुरात. एवढा फरक आपल्या लेखात असता तर मला पत्र लिहायची गरज पडली नसती.

जाता जाता एक विनंती. गेल्या जूनमध्ये आमच्या गटात एका वृत्तपत्राचं कात्रण फिरलं, ‘येत्या चार दिवसांत दमदार पाऊस’. वर ना तारीख, ना अंकाचं नाव. तिघांनी त्याच्या भरवशावर तिफण बाहेर काढली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये हे त्यांनाही माहीत होतं, पण छापलेल्या शब्दाचा जोर वेगळा असतो. पुढे कळलं, कात्रण दोन वर्षांपूर्वीचं होतं. पानावर तारीख सगळ्यात वर असते आणि कात्रण कापलं की ती पानावरच राहते. हवामान आणि कृषी सल्ल्याच्या चौकटीत, अगदी आतल्या ओळीत, तारीख छापता येईल का?

आपला,
एक वाचक
ता. औसा, जि. लातूर