लाडकी बहीण योजनेच्या सादरीकरणात आम्हाला काय ऐकायचे आहे

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या सादरीकरणात किती खात्यांत किती कोटी जमा झाले, हा आकडा पहिल्याच पानावर असतो. आमचे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत.

कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पण पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. केशरी कार्डाची मर्यादा एक लाख आहे आणि तीन रंगांची ही कार्डे 1999 पासूनची. कितीतरी कार्डांवरचे उत्पन्न तेव्हापासून कुणी तपासलेलेच नाही. म्हणून सांगा, मंजूर अर्जांपैकी किती अर्ज दाखल्यावर आणि किती नुसत्या कार्डावर मंजूर झाले?

याची दुसरी बाजू आम्हाला जास्त सलते. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. रेशनकार्डावर मात्र सासू, दीर, जाऊ सगळेच असतात. दिराच्या नावावर चारचाकी आहे, चूल वेगळी आहे, पण कार्ड अजून विभक्त झालेले नाही. अशा बाईचे नाव गाडीमुळे कापले, तर ती निकषात बसत असूनही बाहेर गेली. ‘अपात्र’ ठरवलेल्यांतून शंभर नावे चिठ्ठ्या टाकून काढा, घरी जाऊन तपासा आणि किती चुकीने कापली ते सांगा. वाचलेल्या पैशांच्या शेजारी हाही आकडा हवा.

गळतीचे म्हणाल, तर ‘पैसे जमा’ आणि ‘बाईच्या हाती’ यांत अंतर आहे. आधारवरून पाठवलेली रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही; आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले, तिथे जाते. बाई पासबुक घेऊन जुन्या बँकेत उभी, आणि पैसे तिला आठवतही नसलेल्या खात्यात. अर्जातली बँक आणि जमा झालेली बँक वेगळी, अशी खाती किती? त्यांतली किती सलग सहा महिने हललीच नाहीत? विभागाने दोन याद्या ताडून पाहिल्या की पहिले उत्तर हाती येते.

राहिला परिणाम. शासन निर्णयात पोषण आणि कुटुंबातील निर्णायक भूमिका असे उद्देश लिहिले आहेत. आधी आणि नंतरची तुलना इथे चालणार नाही, कारण तेवढ्या काळात महागाई आणि मजुरीही बदलली. पण एक सोय आपोआप झाली आहे. किमान वय 21 आणि अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला संपली. सप्टेंबरात 21 पूर्ण झालेली पात्र, नोव्हेंबरात झालेली बाहेर. बाकी दोघी सारख्याच. अशा मुलींचे हिमोग्लोबिन आणि स्वतःच्या हातचा खर्च मोजा. 65 च्या टोकाला हे करू नका, कारण तिथे श्रावणबाळ योजनेचे पैसे सुरू होतात आणि हिशेब गढूळ होतो.

ही मोजणी झाली आहे का? नसेल, तर कधी होणार, ती तारीख द्यावी.

आपले,
कल्याणकारी योजनांच्या तपासणीचे काम करणारे कार्यकर्ते