विषय : ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट आणि स्टार्च इंडिकेटर, दोन्ही सदोष. बदली आणि लेखी उत्तर मिळावे

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

तुमच्या डीओ किटमधल्या थायोसल्फेटच्या बाटलीवर ‘०.०२५ नॉर्मल, स्टँडर्डाइज्ड’ असं छापलं आहे. आत जे आहे ते ०.०२२३ नॉर्मल आहे. पुस्तिकेत तुम्हीच लिहिता की १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन. तुमच्या बाटलीने हा हिशेब ०.८९ वर येतो. म्हणजे ब्युरेटवर ८.१ आलं की प्रत्यक्षात ७.२. कोळंबीच्या तळ्यावर पहाटे हवेचे पंखे कधी सुरू करायचे हे ज्या आकड्यावर ठरतं, तोच आकडा दरवेळी सुमारे बारा टक्क्यांनी फुगलेला.

आता तुमच्या ग्राहक सेवेचं शेवटचं संभाषण. हे मुद्दाम सविस्तर लिहितो.

“सर, बाटलीवर काय लिहिलंय?”
“०.०२५.”
“मग ०.०२५च असणार ना, सर.”
डायक्रोमेटने तपासलं, असं सांगितल्यावर : “तुमचं डायक्रोमेट खराब असेल.”
एंड पॉइंटला निळ्याऐवजी जांभळट-लाल रंग येतो, असं सांगितल्यावर : “स्टार्च सुरुवातीलाच आणि जास्त टाका सर, रंग छान येतो.”

रंग छान येतो! आम्ही रांगोळी काढत नाही, टायट्रेशन करतो.

डायक्रोमेटचं म्हणाल, तर ते खराब होणाऱ्यांतलं नाही, म्हणूनच तर प्रमाण म्हणून वापरतात. १.२२६ ग्रॅम, १५० अंशांवर दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून वजन केलेलं, एक लिटर फ्लास्कमध्ये. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १० मिली एकास नऊ सल्फ्युरिक आम्ल, त्यात २० मिली डायक्रोमेट, पाच मिनिटं अंधारात, मग ४०० मिलीपर्यंत पाणी. थायोसल्फेट २०.० मिली लागायला हवं होतं, लागलं २२.४. वीस गुणिले ०.०२५ भागिले २२.४. करून पाहा.

डायक्रोमेटवर विश्वास नसेल तर दुसरा पुरावा. ऊर्ध्वपातित पाण्यात २७ अंशांवर हवा सोडून ते जरा वेळ स्थिर ठेवलं. समुद्रसपाटीला अशा पाण्यात लिटरमागे ८.० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तुमच्या बाटलीने आला ८.९. तळ्यात दुपारी शेवाळामुळे ऑक्सिजन त्या मर्यादेच्याही वर जातो, पण ऊर्ध्वपातित पाण्यात शेवाळ कुठून आणायचं? ८.९ला ०.८९ने गुणलं की ७.९ येतो, हिशेब जुळतो.

कारणही बाटलीच्या तळाशी दिसतं : पांढुरका गढूळपणा. ते गंधक आहे. थायोसल्फेट न उकळलेल्या पाण्यात केलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि जिवाणू ते फोडत राहतात. म्हणून पाणी उकळून थंड करतात, लिटरमागे ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालतात, गडद बाटलीत भरतात आणि तरीही अधूनमधून पुन्हा तपासतात. तुमची बाटली पारदर्शक आहे. पारदर्शक!

आता स्टार्च. ताजा स्टार्च आयोडिनशी गडद निळा होतो. जुना किंवा बुरशीने खाल्लेला स्टार्च मोडून त्याच्या साखळ्या आखूड होतात, म्हणून रंग लालसर येतो आणि तो सावकाश जातो. हा स्टार्च जास्त टाकून सुधारत नाही. आणि सुरुवातीलाच टाकला तर दाट आयोडिनसोबत त्याच्या गुठळ्या बनतात, त्या आयोडिन पकडून ठेवतात आणि रंग गेला असं वाटेपर्यंत थायोसल्फेट जास्त पडतं. आयोडिनचा रंग वाळलेल्या गवतासारखा फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च, हे प्रात्यक्षिकात शिकवतात.

२ ग्रॅम विरघळणारा स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचा, १०० मिली करायचा, टिकण्यासाठी ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल. एवढंच. तुमच्या बाटलीवर ना परिरक्षकाचं नाव, ना शेवटची तारीख.

आणि हो, बाटलीवर ०.०२५ छापलं म्हणून आतलं द्रावण ०.०२५ होत नाही. हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते तीनदा सांगूनही कळलं नाही.

मागण्या : या लॉटचा विश्लेषण दाखला, त्यात कोणत्या प्रमाणाने आणि कोणत्या तारखेला स्टँडर्डाइज केलं ते. दोन्ही बाटल्या गडद काचेत बदलून. आणि हा लॉट ज्यांना गेला त्या सर्वांना पत्र, कारण त्यांच्या नोंदींतले ऑक्सिजनचे आकडेही फुगलेले असतील. दाखला येईपर्यंत बिल थांबवलं आहे आणि तुमचं नाव खरेदीच्या मान्य यादीतून काढलं आहे. तुमच्या जुन्या बाटल्या इतक्या चोख असायच्या, की न तपासता वापरण्याचा मोह व्हायचा; म्हणून राग जरा जास्तच आहे.

सदोष बाटल्या सीलसह ठेवल्या आहेत. न्यायला माणूस पाठवा, फोन नको.

प्रयोगशाळा प्रमुख