सूचना: पाहणी अहवालात निरीक्षण, मोजमाप आणि शिफारस वेगळी लिहा

सभासदांनो,

पूररेषेतल्या घरांच्या पाहणीचे अहवाल येऊ लागलेत. त्यातलं एक वाक्य बघा: "पुराच्या पाण्याने सळई गंजून कॉलम कमकुवत झाला आहे." वाचायला बरं वाटतं, पण यातलं डोळ्यांना काय दिसलं?

तोच कॉलम असा लिहावा. निरीक्षण १: कॉलम सी-३, उत्तरेकडची बाजू, फरशीपासून ३०० ते ११०० मिमी उंचीवर उभा तडा, कडेला गंजाचे डाग, फोटो ७. मोजमाप १: तड्याची रुंदी ७०० मिमी उंचीवर ०.६ मिमी, क्रॅक गेजने. सळईवरचं कव्हर २५ मिमी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकलं, तर ३२ मिमीपर्यंत गुलाबी रंग आला नाही.

इथंच गंमत आहे. कार्बोनेशन सळईच्या पलीकडं गेलंय, आणि ते व्हायला वर्षं लागतात, पुराचे चार दिवस नव्हे. म्हणजे पुराने भर घातली असेल, पण मूळ दुखणं जुनं. हा 'निष्कर्ष' म्हणून, मोजमाप १ चा आधार दाखवून वेगळा लिहा.

शिफारशीतही क्रमांक हवाच: "निरीक्षण व मोजमाप १ नुसार: आधी टेकू द्या, सुटं काँक्रीट काढून सळईचा उरलेला व्यास मोजा, दुरुस्तीची पद्धत त्यानंतर ठरवा." 'कमकुवत' हा शब्द व्यास मोजेपर्यंत नको.

न मोजलेल्या जागी 'मोजले नाही' लिहा, रकाना कोरा सोडू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपला एक जुना अहवाल आणावा.