रुपया सावरायचा, पण कशाच्या बदल्यात?

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
स. न. वि. वि.

रुपया घसरला की संसदेत प्रश्न येतो, ‘सरकार काय करतंय?’ उत्तर मिळतं, ‘रिझर्व्ह बँकेचं लक्ष आहे.’ हे लक्ष फुकट पडत नाही, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. म्हणून हे पत्र.

भांडवलाची मोकळी ये-जा, बांधलेला विनिमय दर आणि व्याजदर ठरवण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. एक तरी सोडावीच लागते. ब्रिटनने 1990 मध्ये पौंड जर्मन मार्कला बांधला, 2.778 मार्कच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. जर्मनीने एकीकरणानंतरची महागाई रोखायला व्याज चढं ठेवलं होतं, ब्रिटनमध्ये मात्र मंदी. तिथे व्याज उतरवावं तर पैसा मार्ककडे पळणार, चढं ठेवावं तर घरकर्जदार मरणार. 16 सप्टेंबर 1992 ला सकाळी दर 10 वरून 12 टक्के केला, मग 15 जाहीर केला, आणि संध्याकाळी पौंड सोडून दिला. चारच महिन्यांत दर 6 टक्क्यांवर आला!

आपला रुपया असा बांधलेला नाही, हे मान्य. पण पडताना थोपवायला गेलं की तोच पेच थोड्या प्रमाणात येतो. रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हा तेवढे रुपये बँकांकडून तिच्याकडे जातात आणि बाजारात पैसा आटतो. ते रुपये परत ओतले तर त्यांतूनच पुन्हा डॉलर विकत घेता येतात.

2013 आठवा. अमेरिकेची रोखेखरेदी आटपणार, अशी नुसती चाहूल लागली आणि रुपया कोसळू लागला. जुलैत रेपो दर 7.25 टक्क्यांवरच ठेवला, पण त्या दराने बँकांना मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली. वरच्या गरजेसाठीची खिडकी 10.25 टक्क्यांची. कागदावर व्याज वाढलं नाही, बाजारात चांगलं तीन टक्क्यांनी कडाडलं, तेही अर्थव्यवस्था मंदावलेली असताना. ऑगस्टमध्ये व्यक्तीला वर्षाकाठी परदेशी पाठवता येणारी रक्कम 2 लाख डॉलरवरून 75 हजारांवर आणली. म्हणजे त्या तिन्हींपैकी व्याजाची मुभा आणि भांडवलाची मोकळी ये-जा, दोन्हींना कात्री लावली, आणि रुपया तरीही महिनाअखेरीस 68 च्या पार गेला. माझ्या मते घसरण आधीच थोडी होऊ दिली असती, तर कर्जदाराची एवढी फरफट झाली नसती.

किती डॉलर विकले, हे रिझर्व्ह बँक सुमारे दोन महिन्यांनी आपल्या मासिक पत्रिकेत छापते. त्या विक्रीमुळे अल्पमुदतीचं व्याज किती चढलं आणि पैसा बाहेर नेण्यावर कोणती बंधनं आली, हे त्याच्या शेजारी मांडलेलं एक पान आर्थिक पाहणी अहवालात दर वर्षी यावं, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे