विमानात साखर केव्हा तपासायची : बाबांच्या प्रवासाचे वेळापत्रक

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस साष्टांग नमस्कार.

तिकिटे हाती आली, सामानाचे ठरले. आता राहिला तो बाबांच्या इन्सुलिनचा आणि साखर तपासण्याचा प्रश्न. फोनवर हे सारे बोलले की निम्मे विसरले जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. इन्सुलिनच्या मात्रा तुमच्या डॉक्टरांनी या प्रवासासाठी लिहून दिल्या आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही. मी बसवले आहे ते केवळ तपासणीचे वेळापत्रक. दुसऱ्या कोणी हे पत्र पाहून स्वतःच्या मात्रा बदलू नयेत, कारण इन्सुलिनचा प्रकार बदलला की सगळा हिशेब बदलतो.

बाबा, घरी तुम्ही न्याहारीपूर्वी, दोन्ही जेवणांपूर्वी आणि झोपताना असे चार वेळा तपासता. तिथे जेवण, झोप आणि घड्याळ एकमेकांना धरून चालत असल्यामुळे हे पुरेसे ठरते. विमानात ही साखळी तुटते. पश्चिमेकडे उडताना दिवस लांबतो. माझ्याकडचे घड्याळ तुमच्यापेक्षा नऊ तास मागे असल्यामुळे तुमचा तो दिवस चोवीस तासांऐवजी तेहतीस तासांचा होणार आहे, आणि त्यात घरी कधीच होत नाही असे पहाटे साडेतीनचे जेवणही येणार आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की माझ्या घरी पोहोचून दुपारचे जेवण होईपर्यंत मनगटावरचे घड्याळ आणि ग्लुकोमीटरमधले घड्याळ अजिबात बदलू नका. फोन स्वतःहून वेळ बदलतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून इंजेक्शन घ्यायचे नाही. मागच्या प्रवासात आपण मध्येच मीटरची वेळ बदलली आणि नंतर डॉक्टरांना दाखवलेल्या नोंदींत दोन जेवणे चाळीस मिनिटांच्या अंतराने झालेली दिसत होती, हे आईला आठवत असेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मीटरवरचा आकडा एकट्याने पुरेसे सांगत नाही. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन घेऊन किती तास झाले, हे त्याच्या शेजारी लिहिलेले असावे लागते. हे इन्सुलिन टोचल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करते, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि तीन ते पाच तास ते शरीरात राहते. समजा मीटरने ९५ दाखवले. शेवटच्या इंजेक्शनला सात तास झाले असतील आणि पुढ्यात जेवण असेल, तर तो उत्तम आकडा आहे. पण इंजेक्शनला दोनच तास झाले असतील आणि तुम्ही ब्लँकेट ओढून झोपायच्या बेतात असाल, तर तोच ९५ चा आकडा धोक्याचा आहे, कारण साखर आणखी खाली उतरायची बाकी आहे. म्हणून आई, तू वहीत तीन रकाने आखून ठेव: घरच्या घड्याळाची वेळ, आकडा, आणि शेवटच्या जलद इन्सुलिनपासूनचे तास. हा तिसरा रकाना लिहिल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. खालच्या सगळ्या वेळा तुमच्या घरच्या घड्याळाच्या आहेत. रात्री आठला नेहमीप्रमाणे तपासून, इन्सुलिन घेऊन जेवायचे आणि दहाला लांब पल्ल्याचे वीस युनिट इन्सुलिन घेऊनच घराबाहेर पडायचे. विमान दोनला सुटते. सव्वा वाजता, विमानात चढण्यापूर्वी, एकदा तपासायचे. विमानतळावर सामान घेऊन बरेच चालणे होते आणि एकदा पट्टे बांधून बसलो की उड्डाणानंतर बराच वेळ वरच्या कप्प्यातली पिशवी काढता येत नाही. त्याच कारणाने मीटर, पट्ट्या, दोन्ही पेने आणि ग्लुकोजच्या गोळ्या पायाशी ठेवायच्या छोट्या पिशवीत हव्यात. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत तर मुळीच टाकू नका. सामानाच्या कक्षातील थंडीत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर दिसायला ठीक असले तरी वापरता येत नाही.

साडेतीनच्या सुमारास पहिले जेवण येईल. जेवणाची गाडी दिसताच बाबा तपासतील, पण इंजेक्शन ताट समोर आल्याशिवाय घेणार नाहीत. घरी आपण पंधरा मिनिटे आधी टोचतो, ती सवय इथे सोडायची. हवा खराब झाली की कर्मचारी गाडी मागे नेतात आणि अर्धा-पाऊण तास काहीही मिळत नाही. तोवर इन्सुलिन मात्र कामाला लागलेले असते. विमानातले जेवण लहान असते म्हणून डॉक्टरांनी नेहमीच्या सहाऐवजी चार युनिट लिहिले आहेत. अर्धे ताट उरवायचे असेल तर ते आधीच ठरवा, टोचल्यानंतर नव्हे.

जेवणानंतर बाबांना झोप येईल आणि खरी काळजी इथेच आहे. आई, तू साडेसहाचा गजर लाव. तेव्हा इंजेक्शनला तीन तास झालेले असतील, म्हणजे त्याचा जोर ओसरला असेल पण ते संपलेले नसेल. आकडा १२० ते २२० च्या दरम्यान असेल तर काही न करता पुन्हा झोपू द्यायचे. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपायचे. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. गोळ्यांच्या डबीवर एका गोळीत किती ग्रॅम आहे ते छापलेले असते; किती गोळ्यांचे १५ ग्रॅम होतात ते आजच पाहून डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे यांना ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नकोस. शीण आणि उतरलेली साखर बाहेरून सारखेच दिसतात. फरक मीटरच सांगतो. बाबा, तुम्हाला झोपेतून उठवलेले आवडत नाही हे ठाऊक आहे, पण त्या एका रात्री आईवर चिडू नका.

त्यानंतर साडेदहाला आणि दुपारी दोनला तपासायचे. जागेपणी दोन तपासण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही, एवढाच त्यामागचा नियम. मग चारच्या सुमारास उतरण्यापूर्वीचे जेवण येईल, तेव्हा पुन्हा तपासणी आणि चार युनिट.

सव्वापाचची तपासणी फसवी आहे. विमान खाली येऊ लागलेले असेल आणि जेवण होऊन जेमतेम सव्वा तास झालेला असेल. त्या वेळी २३० किंवा २५० दिसले तरी ते अन्नाचे शिखर आहे आणि चारला घेतलेले इन्सुलिन अजून ऐन जोरात आहे. ‘थोडे जास्त दिसते, दोन युनिट घेऊन टाकू’ असे करायचे नाही. तसे केले तर एकावर एक चढलेली दोन इंजेक्शने नेमकी पासपोर्टच्या रांगेत, उभे असताना आणि हातात काही खायला नसताना, साखर खाली ओढतील. डॉक्टरांनीही लिहिले आहे, की आधीच्या जलद इंजेक्शनला चार तास होईपर्यंत वाढलेली साखर उतरवण्यासाठी वेगळे इन्सुलिन घ्यायचे नाही. मग उतरताना तपासायचेच कशाला, असे तुम्ही विचाराल. ते वरच्या आकड्यासाठी नसून खालच्या आकड्यासाठी आहे. जेवणानंतर सव्वा तासाने ११० च दिसले, तर रांगेत उभे राहण्यापूर्वी दोन घास खाऊन घेता येतात.

एक छोटी पण त्रासदायक गोष्ट. संत्रे सोललेल्या बोटातून रक्त काढले तर मीटर बोटावरची साखरही मोजतो. मागे बाबांचा आकडा २६८ आला होता आणि हात धुतल्यावर तो १४२ निघाला. त्या २६८ वर विसंबून टोचले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. विमानात प्रत्येक वेळी उठून हात धुणे जमले नाही तर बोट ओल्या साध्या रुमालाने पुसा, कोरडे करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा थेंब पट्टीला लावा. सुगंधी ओले रुमाल यासाठी नकोत. बोटे गार पडली असतील तर आधी चोळून गरम करा, नाहीतर थेंब अपुरा पडून पट्टी वाया जाते. केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. तुमच्या मीटरच्या माहितीपत्रकातील उंचीची मर्यादा याहून जास्त आहे, ते मी पाहून ठेवले आहे.

सहाला विमान उतरेल, तेव्हा इथे सकाळचे नऊ झालेले असतील. आठला, म्हणजे इथल्या अकराला, आपण घरी असू, तेव्हा तपासायचे. शरीराला ती रात्रीच्या जेवणाची वेळ वाटेल, पण जेवण दहाला, इथल्या दुपारी एकला. त्याच वेळी आधीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला चोवीस तास पूर्ण होतात, म्हणून तपासून जेवणाचे जलद इन्सुलिन आणि वीस युनिट एकाच बैठकीत घ्यायचे आहे. इथे पेनांची अदलाबदल होण्याची भीती असते. वीस युनिट जलद इन्सुलिन चुकून गेले तर मोठी आपत्ती होईल. एका पेनाला आजच रबर गुंडाळून ठेवा आणि आकडा लावल्यावर आईने नाव मोठ्याने वाचावे. जेवण झाले की मग सगळी घड्याळे बदलू आणि वहीत एक आडवी रेघ मारू.

पुढचे पाच दिवस लांब पल्ल्याचे इन्सुलिन इथल्या तीन, पाच, सात, नऊ आणि शेवटी दहाला असे पुढे सरकेल. पहिले चार दिवस दोन इंजेक्शनांत चोवीसऐवजी सव्वीस तास जातात, तेव्हा त्या इंजेक्शनाच्या अगदी आधीची तपासणी चुकवायची नाही. तिथे आकडा रोज चढत गेला तर आधीचे इन्सुलिन अपुरे पडते आहे असे समजून मी डॉक्टरांना कळवीन. पहिल्या दोन रात्री तीन वाजता मी स्वतः उठून तपासीन, कारण झोप आणि जेवण यांचा मेळ तेव्हा अजून बसलेला नसेल.

परतीच्या वेळी दिवस आखडतो, इंजेक्शने जवळ येतात आणि धोका साखर उतरण्याचा असतो. त्या मात्रा डॉक्टर निघण्यापूर्वी पुन्हा लिहून देणार आहेत. तूर्त पट्ट्या मोजून किती आहेत ते मला कळवा. नेहमीच्या दिवसाला चार लागतात, या प्रवासात नऊ-दहा लागतील आणि वाया जाणाऱ्या वेगळ्या. म्हणून राहण्याच्या दिवसांसाठी लागतील त्याच्या दुप्पट हव्यात. आणि मीटरच्या बॅटऱ्या बदलून घ्या, जुन्या बॅटऱ्यांवर निघू नका.

तुमची,
मुलगी