ओव्हरटाइमचे तास मोजायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओव्हरटाइमचा दर दीडपट असावा की दुप्पट, यावर आपल्या सदरात वाचक हिरिरीने लिहीत आहेत. माझी सारी नोकरी टाइम ऑफिसात हजेरीपत्रके तपासण्यात गेली. दरावरून भांडण होते म्हणून निदान तो सर्वांना ठाऊक तरी असतो. कामगाराचे पैसे बुडतात ते तास मोजताना. दिवसाची आणि आठवड्याची अशा दोन्ही मर्यादा एकाच माणसाला लागू असल्या की हे हमखास घडते.

या दोन मर्यादांची जोडी जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ सालच्या पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास अशी ती आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने ९ आणि ४८ तास धरले आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट मजुरी ठेवली. तेच आकडे घेऊन एक आठवडा मांडतो.

समजा, एक कामगार सोमवारी ११ तास, मंगळवारी ८, बुधवारी १०, गुरुवारी ७, शुक्रवारी ९ आणि शनिवारी ८ तास राबला. एकूण ५३ तास. आधी रोजचा हिशेब करायचा. सोमवारचे २ आणि बुधवारचा १ तास नवाच्या वर गेला, म्हणून ३ तास रोजचा ओव्हरटाइम. हे ३ तास बाजूला काढून ठेवायचे. त्यांचा मोबदला ठरला, आता आठवड्याच्या बेरजेत ते पुन्हा धरायचे नाहीत. उरले ५० साधे तास. ते ४८ च्या वर २ ने जातात, म्हणजे २ तास आठवड्याचा ओव्हरटाइम. नेमके कोणते? शुक्रवारअखेर साधे तास ४२ झाले होते. शनिवारचे पहिले ६ तास धरले की ४८ भरतात, आणि शेवटचे २ वर राहतात. एकूण ओव्हरटाइम ५ तास. दुप्पट दराने या कामगाराला ४८ अधिक १०, म्हणजे ५८ तासांची मजुरी मिळाली पाहिजे.

चूक इथे दोन्ही बाजूंनी होते. ५३ वजा ४८ असे ५ तास काढून त्यात रोजचे ३ मिळवले की ८ तास होतात. तेच ३ तास दोनदा मोजल्यामुळे मालकाचे नुकसान होते, आणि पुढच्या तपासणीत ती रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते. उलट, फक्त रोजचे तास पाहिले तर शनिवारचे २ तास साध्या दराने जातात.

खरा अन्याय होतो तो मात्र कमी भरलेल्या आठवड्यात. सोमवारी १२, मंगळवारी १२, बुधवारी ९, गुरुवारी ५, शुक्रवारी ६ आणि शनिवारी काम नाही. बेरीज ४४. ‘अठ्ठेचाळीस भरले नाहीत, ओव्हरटाइम कसला?’ हे उत्तर खिडकीवर मी अनेकांना मिळताना ऐकले आहे. ते साफ चुकीचे आहे. सोमवार-मंगळवारचे ३ आणि ३ मिळून ६ तास दुपटीनेच द्यावे लागतात. गुरुवारी माणूस लवकर घरी गेला म्हणून सोमवारचा बारावा तास हलका होत नाही.

पडताळा सोपा आहे. रोजच्या जादा तासांची बेरीज आणि आठवड्याच्या ४८ वरचे तास, या दोहोंत जो आकडा मोठा तोच ओव्हरटाइम. पहिल्या आठवड्यात ३ आणि ५, म्हणून ५. दुसऱ्यात ६ आणि शून्य, म्हणून ६. दोन्ही ओव्हरटाइमचे दर वेगळे असतील तर मात्र एवढ्याने भागत नाही. मग कोणता तास कशामुळे जादा ठरला हे वर दाखवल्याप्रमाणे वेगळे काढावेच लागते.

आणखी एक गळती महिनाअखेरची. पगार महिन्याचा, मर्यादा आठवड्याची. वरच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी महिना संपला असे धरा. एका महिन्याच्या पत्रकात २९ तास जातात, दुसऱ्यात २४. दोन्हीकडे ४८ च्या खूप खाली. रोजचे ३ तास सापडतात, शनिवारचे २ कुठेच दिसत नाहीत. म्हणून आठवडा मधेच तोडायचा नाही. तो ज्या महिन्यात संपतो त्या महिन्यात त्याचा हिशेब करायचा.

माझी मागणी एवढीच, की पगाराच्या चिठ्ठीवर ‘ओव्हरटाइम’ असा एकच आकडा न छापता रोजचे आणि आठवड्याचे जादा तास वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावेत आणि आठवडा कोणत्या वारी सुरू होतो तेही छापावे. कामगार संघटनांनी पुढच्या वाटाघाटींत दराच्या कलमाशेजारी हे कलमही मांडावे.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर